एक शब्द, तीन लिप्या : 'बुद्ध' लिहिताना काय घडते

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल. लिपी. आपण रोज लिहितो, वाचतो, वंदनेची पुस्तिका हातात धरतो. पण त्या पुस्तिकेतली अक्षरे कशी चालतात हे कोणी आपल्याला सांगितलेले नसते. शाळेत बाराखडी घोटून घेतात आणि विषय तिथेच संपतो. आज आपण फक्त एकच शब्द घेऊ. 'बुद्ध'. हा शब्द जगातले लोक तीन निरनिराळ्या पद्धतींनी लिहितात, आणि त्या तीन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या की आपल्या देवनागरीचे सगळे अंतरंग उघडे पडते.

पहिली पद्धत इंग्रजीची, म्हणजे रोमन लिपीची. तिथे 'बुद्ध' लिहायला बी, यू, डी, डी, एच, ए अशी सहा अक्षरे लागतात. या पद्धतीला अल्फाबेट म्हणतात. हा शब्द ग्रीकांच्या पहिल्या दोन अक्षरांवरून, आल्फा आणि बीटा यांवरून, पडलेला आहे. अल्फाबेटचे वैशिष्ट्य काय? तिथे व्यंजनाला एक खुर्ची, स्वराला एक खुर्ची. यू आणि ए हे बी आणि डी यांच्याच रांगेत, त्यांच्याच उंचीचे होऊन बसतात. 'उ' ऐकू आला तर तो लिहिलाच पाहिजे, 'अ' ऐकू आला तर तोही लिहिला पाहिजे. फुकटात काही मिळत नाही.

दुसरी पद्धत जपानी. परक्या भाषांतले शब्द लिहायला जपानी लोक काताकाना नावाची लिपी वापरतात. तिच्यात 'बुद्ध' हा शब्द तीन चिन्हांत लिहितात. पहिले चिन्ह 'बु', तिसरे चिन्ह 'दा'. मधले चिन्ह बारीक आकाराचे असते. त्याला स्वतःचा उच्चार नाही. पुढच्या व्यंजनापाशी जीभ क्षणभर थांबवा, एवढेच ते सांगते. या पद्धतीला सिलॅबरी म्हणतात. इथे 'बु' हा अख्खा एक तुकडा आहे. त्यात ब कुठे संपला आणि उ कुठे सुरू झाला हे दाखवताच येत नाही. जपानी 'का', 'की', 'कू' ही तीन चिन्हे शेजारी ठेवून बघा. तिघांत 'क' आहे असे त्यांच्या आकारावरून कोणालाही ओळखता येणार नाही. प्रत्येक चिन्ह सुटे पाठ करायचे. मूळ चिन्हे 46 आहेत, म्हणून जमते.

आपल्याकडे असे करायचे ठरले असते तर? मराठीत क पासून ळ पर्यंत 34 व्यंजने धरली आणि बाराखडीचे 12 उच्चार धरले, तर 408 वेगवेगळी चित्रे पाठ करावी लागली असती. आणि जोडाक्षरे त्यात आलेलीच नाहीत.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. जपानी मुले आपली अक्षरे ज्या क्रमाने पाठ करतात तो क्रम आ, ई, ऊ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे का, सा, ता, ना असा जातो. तो आपल्या वर्णमालेच्या ओळखीचा वाटतो ना? योगायोग नाही. जपानमधल्या बौद्ध भिक्खूंनी मंत्र वाचण्यासाठी भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, आणि स्थानानुसार वर्ण मांडण्याची ही रीत तिथून त्यांच्या भाषेत उतरली.

आता तिसरी पद्धत, म्हणजे आपली. देवनागरीत 'बुद्ध' लिहायला दोनच अक्षरे लागतात. 'बु' आणि 'द्ध'. अल्फाबेटची सहा, सिलॅबरीची तीन, आपली दोन. पण संख्येवर जाऊ नका. आपले 'बु' जपानी 'बु'सारखे बंद गाठोडे नाही. त्यात 'ब' स्पष्ट दिसतो आणि त्याच्या पायाशी उकार वेगळा दिसतो. म्हणजे बांधणी अक्षराची, पण आतले वर्ण डोळ्यांना दिसतात. या मधल्या जातीला पूर्वी युरोपातले विद्वान कधी अल्फाबेट म्हणत, कधी सिलॅबरी. 1990 साली पीटर डॅनियल्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यासाठी 'अबुगिडा' हे नाव वापरात आणले. हा शब्द इथियोपियाच्या गीझ लिपीतला आहे. आपण जसे 'कखग' म्हणतो तसे तिथे 'अ, बु, गि, द'. त्या लिपीचीही रीत आपल्यासारखीच असल्यामुळे तिच्यावरून साऱ्या जातीला नाव मिळाले. सिंहली, ब्रह्मी, थाई, तिबेटी, तामिळ, कन्नड या सगळ्या अबुगिडाच. त्या सगळ्यांची आजी एकच, अशोकाच्या शिलालेखांतली ब्राह्मी.

अबुगिडाचे गुपित एका वाक्यात सांगायचे तर असे: नुसते व्यंजन लिहिले की त्यात 'अ' आपोआप आलेला असतो. 'क' म्हणजे क् अधिक अ. हा 'अ' कुठे दिसत नाही, त्याला काना नाही, मात्रा नाही, पण तो आत बसलेला आहे. आणि इकडे नीट लक्ष द्या, कारण इथे बरेच जण गफलत करतात. 'कि' लिहिताना आपण 'क'ला इ जोडत नाही. जोडली असती तर 'कइ' झाले असते. वेलांटी आली की आतला 'अ' उठून जातो आणि त्याच्या जागी 'इ' बसते. एका घरात एकच भाडेकरू. आणि घर रिकामे ठेवायचे असेल, म्हणजे कोणताच स्वर नको असेल, तर अक्षराचा पाय मोडायचा. 'क्'. त्याला हलन्त म्हणतात.

ही रीत किती जुनी आहे हे बघायचे असेल तर सांचीला चला. अशोकाची लिपी पुढे कोणाला वाचता येत नव्हती, शेकडो वर्षे येत नव्हती. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी तिच्या मागे लागला होता. 1837 साली त्याच्यापुढे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख आले. त्याला दिसले की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. एवढे लहान लेख, निरनिराळ्या दगडांवर, आणि शेवट सारखा. त्याने विचार केला की भक्तांनी कठड्याचा एकेक दगड दिला असेल आणि खाली आपले नाव कोरून 'दान' असे लिहिले असेल. मग ती दोन अक्षरे 'दानं' असणार. पहिल्या अक्षराला बाजूला एक बारीक रेघ होती, तो काना. दुसरे अक्षर उलट्या इंग्रजी टी-सारखे, तो 'न', आणि त्याच्याजवळ एक टिंब, तो अनुस्वार. त्या दोन अक्षरांच्या अगोदर पुन्हा पुन्हा एकच अक्षर येत होते, ते 'स'. म्हणजे 'अमक्याचे दान' यातला 'चे'. पहिल्याच धक्क्यात द, न, स, काना आणि अनुस्वार हाती लागले.

'न'ला कसलेही चिन्ह नव्हते, फक्त टिंब होते. तरी तो 'नं' वाचायचा, 'न्' नाही. 'स'ला तर टिंबही नव्हते, तरी तो 'स' वाचायचा. आतला 'अ' सव्वादोन हजार वर्षांपूर्वी तसाच होता, जसा आज आहे. रेघ बदलली, शिरोरेघा आली, आकार गोल झाले. रीत तीच राहिली.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येतो. 'अ' आत असतो हे खरे, पण मराठी माणूस तो उच्चारतो का? 'कमळ' हा शब्द मोठ्याने म्हणा. क, म, आणि शेवटी ळ्. शेवटचा 'अ' आपण गिळला. 'बसला' म्हणा. आपण 'बस्ला' म्हणतो, मधला 'अ' गेला. 'करतो'चे 'कर्तो', 'मानवता'चे 'मानव्ता'. शब्दाच्या शेवटचा 'अ' मराठीत गळतो आणि मधलाही पुष्कळदा गळतो. लिपीत मात्र काहीच बदल होत नाही, पाय मोडून आपण 'कमळ्' असे लिहीत नाही. अपवाद एवढाच की शेवटी जोडाक्षर असेल तर 'अ' थोडा तरी उच्चारावा लागतो. 'शब्द', 'रक्त', 'धम्म' म्हणून बघा, शेवटी जरा श्वास सुटतो. ओवी-अभंग म्हणताना आपण गिळलेला 'अ' परत आणतो, कारण अक्षरे मोजायची असतात. पण बोलताना नाही.

ही मराठीची चूक नाही. ती मराठीची चाल आहे. पंचाईत होते ती आपण पाली वाचतो तेव्हा. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहली, ब्रह्मी, थाई, रोमन, नागरी, जिथे गेली तिथली लिपी तिने घेतली. आपण ती देवनागरीत वाचतो, म्हणजे अक्षरे आपल्या ओळखीची, आणि म्हणून आपण सवयीने मराठीची चाल लावतो. पण पालीत लिहिलेला प्रत्येक 'अ' उच्चारायचा असतो. शेवटचाही, मधलाही. पालीत 'सरण' म्हणजे स-र-ण, तीन पूर्ण अक्षरे, अर्थ शरण किंवा आसरा. तेच अक्षर मराठी चालीने 'सरण्' असे वाचले तर मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. लाकडे रचतात ते. लिपी एक, अक्षरे तीच, आणि फक्त एका न दिसणाऱ्या 'अ'ने शब्द कुठल्या कुठे गेला.

दुसरी अडचण टिंबाची आहे, आणि ही मला अधिक महत्त्वाची वाटते. आपण बोलताना 'घर' म्हणतो आणि अनेक असतील तर 'घरं' म्हणतो. 'पान' आणि 'पानं'. 'पुस्तक' आणि 'पुस्तकं'. लिहिताना पुस्तकी भाषेत 'घरे', 'पाने' लिहितो, पण बोलतो तसे लिहायचे म्हटले की टिंब देतो. आता सांगा, 'घरं' म्हणताना नाकातून आवाज येतो का? येत नाही. मग ते टिंब तिथे कशाला? ते टिंब मराठी वाचकाला सांगते की 'इथला अ गिळू नको, लांबव'. 'केलं', 'माझं', 'असं' या सगळ्यांत टिंबाचे काम एवढेच. गंमत बघा, आतला 'अ' गळायला लागला म्हणून मराठीला तो वाचवण्यासाठी निराळी खूण शोधावी लागली, आणि तिने ती अनुस्वाराची उसनी घेतली.

मग वंदनेच्या पुस्तिकेत 'बुद्धं', 'धम्मं', 'संघं' आले की आपली जीभ काय करते? 'घरं'सारखे म्हणते. 'बुद्धऽ', 'धम्मऽ'. अनुनासिक गेले. पालीत त्या टिंबाला निग्गहीत म्हणतात आणि ते नाकातून ऐकू आलेच पाहिजे. श्रीलंकेत ते 'ङ्'सारखे म्हणतात, ब्रह्मदेशात 'म्'सारखे. पण टाकून कोणी देत नाही. का, ते व्याकरणात आहे. 'बुद्धो' म्हणजे बुद्ध, कर्ता. 'बुद्धस्स' म्हणजे बुद्धाचा किंवा बुद्धासाठी. 'बुद्धं' म्हणजे बुद्धाला. टिंब म्हणजे आपला 'ला' आहे. 'मी आईला भेटतो' यातला 'ला' खाऊन 'मी आई भेटतो' म्हटले तर कसे लागेल? टिंब खाल्ले की वंदनेचे तसे होते.

मुलांना शिकवायचे असेल तर एक साधी परीक्षा सांगतो. शब्द म्हणताना शेवटी नाक चिमटीत धरायला सांगा. 'घरं' म्हणताना नाक बंद केले तरी आवाज तसाच येतो. 'बुद्धं' नीट म्हटले असेल तर आवाज अडतो. अडला नाही तर टिंब उच्चारले गेलेच नव्हते.

आता जोडाक्षराकडे वळू. अबुगिडात प्रत्येक व्यंजनात 'अ' बसलेला आहे, मग दोन व्यंजने मधे स्वर न येता लागोपाठ आली तर? अल्फाबेटला हा प्रश्नच पडत नाही, डी पुढे डी ठेवला की झाले. आपल्याला पहिल्याचा 'अ' काढावा लागतो, आणि ते दाखवायला अक्षरे एकमेकांत गुंफावी लागतात. ब्राह्मीत पहिले अक्षर वर आणि दुसरे त्याच्या खाली लटकवत. लुंबिनीच्या अशोकस्तंभावरचा लेख 1896 साली उजेडात आला. त्यात 'सक्यमुनी' हा शब्द आहे आणि त्यातले 'क्य' जोडून कोरले आहे. पण त्याच लेखात बुद्धांचे नाव कसे आहे माहीत आहे? 'बुधे'. 'बु' आणि 'धे'. मधला 'द्' नाहीच.

कोरणारा विसरला का? नाही. त्या काळी रीतच अशी होती की एकाच वर्गातले व्यंजन दुप्पट झाले तर दुप्पट लिहायचे नाही, एकदाच लिहायचे; वाचणारा जिभेने ते पुरे करी. दोन निराळी व्यंजने, जसे 'क्य', असतील तर मात्र जोडत. 'धम्म' अशोकाच्या लेखांत 'धंम' असा येतो, पहिल्या 'म'च्या जागी टिंब. हे बघायला नेपाळात जायची गरज नाही. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. काही खांब यवनांनी, म्हणजे परदेशी लोकांनी, दिलेले आहेत आणि तिथे 'यवनस' असे कोरले आहे. म्हणायचे 'यवनस्स', म्हणजे यवनाचे. लिहिले एकाच 'स'ने. पुढच्या वेळी सहल काढाल तेव्हा खांबापाशी उभे राहून मुलांना हे दाखवा.

म्हणजे 'द्ध' हे जोडाक्षर आपल्या नावात नंतर आले. आणि आल्यापासून त्याने आपल्याला छळले आहे. आपल्या वस्त्यांतून फिरा. पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, कमानींवर, रिक्षांच्या मागे 'बुध्द', 'सिध्दार्थ', 'शुध्दोदन' लिहिलेले दिसेल. अर्धा ध आणि पूर्ण द. बरोबर आहे 'द्ध', अर्धा द आणि पूर्ण ध. एवढे शिकलेले लोक ही चूक का करतात? आळस म्हणून नव्हे. कारण लिपीच्या बांधणीत आहे.

देवनागरीत जोडाक्षर करायच्या दोन-तीन रिती आहेत. ज्या अक्षराला उजवीकडे उभा दंड आहे, जसे ग, त, न, म, स, ध, त्याचा दंड काढला की ते अर्धे होते आणि पुढचे अक्षर त्याला चिकटते. 'म्म', 'स्स', 'न्त'. 'क' आणि 'फ' यांचा दंड मधोमध, म्हणून त्यांची उजवीकडची शेपटी आखडायची. पण द, ट, ठ, ड, ढ, ह यांना पुरता दंडच नाही. काढणार काय? म्हणून तिथे पुढचे अक्षर खाली लटकवावे लागते, ब्राह्मीसारखेच. 'द्ध' मध्ये वर द आहे आणि त्याच्या पोटाखाली बारीकसा ध लटकलेला आहे.

आता ज्याला हे लटकवलेले अक्षर सुटे करून लिहायचे आहे त्याच्या मनात काय चालते बघा. त्याला माहीत आहे की यात एक द आहे आणि एक ध आहे, एक अर्धा आणि एक पूर्ण. अर्धा कोणता करता येतो? 'ध'चा दंड काढता येतो, 'द'चा येत नाही. शिवाय छापलेल्या 'द्ध'मध्ये द मोठा दिसतो आणि ध बारीक, म्हणजे डोळ्यांना ध हाच अर्धा वाटतो. हात आपसूक 'ध्द' लिहून मोकळा होतो. अक्षराच्या सोयीने उच्चाराला धक्का दिला.

खरे काय ते जिभेला विचारा. तळहात तोंडासमोर धरा आणि सावकाश म्हणा, बुद्-ध. जीभ दातांना टेकते, थांबते आणि सुटताना श्वासाचा झोत येतो. झोत एकदाच, शेवटी. 'बुध्-द' म्हणायचे तर मधेच जीभ सोडून झोत काढावा लागेल आणि पुन्हा दातांना टेकवावी लागेल. असे कोणी म्हणत नाही. व्याकरणही हेच सांगते. मूळ धातू 'बुध्', जाणणे. त्याला 'त' लागला. 'बुध्' अधिक 'त'. इथे 'ध्'मधला श्वास मागे थांबत नाही, तो पुढच्या 'त'वर जातो. 'ध्' उरतो नुसता 'द्' आणि 'त' होतो 'ध'. म्हणून 'बुद्ध'. शुध्, सिध्, युध् यांचेही तसेच: शुद्ध, सिद्ध, युद्ध. धातूत ध शेवटी आहे म्हणून 'बुध्द' बरोबर, असा युक्तिवाद मी एकदोन ठिकाणी ऐकला आहे. त्यात धातू खरा आहे, पण पुढची पायरी राहून जाते.

पालीत हा नियम एकट्या 'द्ध'चा नाही. दुप्पट होणाऱ्या प्रत्येक महाप्राण अक्षराचा आहे. आधी श्वास नसलेले, मग श्वास असलेले. 'भिक्खु', 'दुक्ख', 'मज्झिम', 'अट्ठ', 'पुप्फ'. त्यामुळे 'भिख्खू' लिहिणे चूक आणि 'मझ्झिम' लिहिणेही चूक. पण इथे मराठी माणसाची बाजू घ्यायला हवी. आपण मराठीत 'चिठ्ठी', 'सख्खा', 'लठ्ठ' असेच लिहितो, आणि मराठीत ते रूढ आणि मान्य आहे. जीभ 'चिट्ठी'च म्हणते, पण लिहायची रीत 'ठ्ठ'. ज्याच्या हाताला 'सख्खा' लिहायची सवय तो 'भिख्खू' लिहिणारच. दोन भाषांच्या दोन रिती एका लिपीत राहतात, म्हणून पाली लिहिताना हात थोडा आवरावा लागतो, एवढेच.

आणखी एक जोडाक्षर आपल्या पुस्तिकांत नेहमी बळी पडते. 'पञ्ञा', म्हणजे प्रज्ञा. 'ञ' हे अक्षर मराठीत कोणी लिहीत नाही, आपण त्याच्या जागी टिंब देतो, 'पंच', 'पंजा'. त्यामुळे अक्षर जुळवणाऱ्याला 'ञ्ञ' म्हणजे काय ते कळत नाही आणि त्याला 'ञ्ज' ओळखीचा वाटतो. एका पुस्तिकेत मी प्रज्ञेचा 'पञ्जा' झालेला पाहिला आहे. (हशा.) उच्चार सांगायचा तर 'ञ' हा मराठी 'न्य'च्या जवळचा, आणि तो दुप्पट, म्हणजे जीभ टाळूला जरा दाबून धरायची.

'र'चा गोंधळ मात्र पालीत आपल्याला फारसा त्रास देत नाही. मराठीत 'र'ची रूपे पुष्कळ. 'कर्म'मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, 'क्रम'मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये खाली काकपद होतो. त्यावर मराठीची खास भर म्हणजे 'दऱ्या'. समुद्र म्हणजे 'दर्या' आणि डोंगरातल्या 'दऱ्या', आवाजात आघाताचा फरक आणि लिपीत त्यासाठी निराळी खूण. हिंदी लिहिणाऱ्याला ही खूण लागत नाही. पालीने मात्र या रफाराची कटकटच मिटवली. धर्माचा 'धम्म', कर्माचा 'कम्म', सर्वचा 'सब्ब', आर्यचा 'अरिय'. तेव्हा पाली मजकुरात कुठे रफार दिसला तर समजा, संस्कृत शब्द आत शिरला आहे किंवा छपाईची चूक आहे.

शेवटी संगणकाबद्दल दोन शब्द, कारण आता पत्रिका आणि फलक तिथेच तयार होतात. युनिकोड पद्धतीत संगणक 'द्ध' हे चित्र साठवत नाही. तो द, हलन्त, ध असे तीन वर्ण क्रमाने साठवतो आणि पडद्यावर जोडून दाखवतो. त्यामुळे कधी फॉन्टप्रमाणे ध खाली लटकलेला दिसेल, कधी 'द्‌ध' असा पाय मोडलेला दिसेल. दोन्ही बरोबर आहेत, घाबरून 'ध्द' करू नका. टंकताना आधी द, मग हलन्त, मग ध. उच्चाराचा क्रम तोच बोटांचा क्रम. मुलाचे नाव जन्मदाखल्यावर 'सिद्धार्थ' आणि शाळेच्या दाखल्यावर 'सिध्दार्थ' असेल तर माणूस ते एकच समजतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरे सापडत नाही. घरी गेल्यावर दोन्ही दाखले शेजारी ठेवून बघा.

तेच नाव रोमनमध्ये लिहायची वेळ आली, पासपोर्टला वगैरे, की आतला 'अ' पुन्हा समोर उभा राहतो. 'गौतम', 'अशोक', 'सिद्धार्थ' यांच्या शेवटी ए लावायचा की नाही? देवनागरी तो 'अ' पोटात ठेवून गप्प बसू शकते. मराठी माणूस तो गिळेल, पालीचा वाचक उच्चारेल, अक्षर तेच. अल्फाबेटला ती सोय नाही. तिथे ए लिहावा लागतो किंवा सोडावा लागतो. मराठी बोलतो तसे लिहायचे तर ए नको, पाली-संस्कृतप्रमाणे लिहायचे तर हवा. दोन्ही चालते, पण एका माणसाच्या सगळ्या कागदांवर एकच ठेवा.

नमो बुद्धाय. जयभीम.